एका सर्व्हरवर वीस संगणक : प्रयोगशाळेच्या आभासीकरणाचा प्रकल्प, अहवालाचा सारांश

आमच्या महाविद्यालयाच्या तळमजल्यावरील प्रयोगशाळेत २४ संगणक होते आणि पावसाळा लागला की त्यांपैकी पाच-सहा हमखास बंद पडत. मुंबईच्या दमट हवेत रॅमच्या संपर्कपट्ट्या काळवंडतात; रॅम काढून, खोडरबराने पुसून परत बसवली की यंत्र सुरू होई आणि आठवड्याभरात पुन्हा अडे. त्यामुळे २० जणांच्या तुकडीत दोघांनी एका पडद्यासमोर बसणे नित्याचे झाले होते. अशा जोडीत कळफलक बहुतेक वेळा एकाच्याच हाती राहतो, हे मी तीन वर्षे पाहिले. प्रत्येकाला स्वतंत्र संगणक मिळावा, हा या प्रकल्पाचा हेतू होता.

त्यासाठी १६ कोअर आणि १२८ जीबी रॅम असलेल्या एका सर्व्हरवर डेबियन लिनक्स बसवून केव्हीएम या आभासीकरणाच्या सुविधेच्या साहाय्याने २० गेस्ट, म्हणजे आभासी संगणक, उभे केले. केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या कर्नलचाच भाग असल्याने परवान्याचा खर्च आला नाही. प्रत्येक गेस्टला ४ जीबी रॅम आणि दोन आभासी प्रोसेसर दिले. भौतिक कोअरपेक्षा ही संख्या जास्त असली तरी प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याचा बराच वेळ लिहिण्यात आणि विचारात जातो, कंपायलर काही सेकंदच चालतो. म्हणून ही विभागणी चालली. जुन्या संगणकांपैकी २० यंत्रांच्या हार्ड डिस्क काढल्या. ती नेटवर्कवरून सुरू होतात आणि दूरच्या संगणकाचा पडदा नेटवर्कवरून दाखवणाऱ्या स्पाइसद्वारे आपापल्या गेस्टचा पडदा दाखवतात. असे टर्मिनल अडले तर विद्यार्थी शेजारच्या रिकाम्या जागी बसून तेच काम पुढे नेतो.

प्रत्येक गेस्टसाठी ३० जीबीची वेगळी डिस्क न बनवता एकच मूळ प्रतिमा ठेवली आणि प्रत्येकाचे बदल स्वतंत्र थरात जातील अशी रचना केली :

```
qemu-img create -f qcow2 -F qcow2 \
  -b mool.qcow2 pc07.qcow2
```

रोज रात्री हे थर पुसून नवे तयार होतात, त्यामुळे सकाळी प्रत्येक गेस्ट स्वच्छ मिळतो. विद्यार्थ्यांच्या फाइली सर्व्हरवरील वेगळ्या फोल्डरमध्ये सुरक्षित राहतात. या रचनेतील सर्वांत मोठी चूक माझ्याच हातून झाली. जावाची नवी आवृत्ती घालण्यासाठी मी मूळ प्रतिमाच सुरू करून बदलली आणि तिच्यावर आधारलेले वीसही थर एकदम निकामी झाले. थर हा मूळ प्रतिमेतील ठरावीक जागांवर विसंबून असतो, हे मी वाचले होते. त्याचा अर्थ मात्र त्या सकाळी समजला. आता मूळ फाइल केवळ वाचनीय आहे आणि सुधारणा नेहमी नव्या नावाच्या प्रतीत होते.

खरी अडचण प्रोसेसरची नव्हती, डिस्कची होती. साडेदहाला वीसही गेस्ट एकत्र सुरू केले तेव्हा पहिल्या चाचणीत शेवटचा विद्यार्थी ११ मिनिटे थांबला होता, कारण सर्व गेस्ट हार्ड डिस्कवरून तेच भाग पुन्हा पुन्हा वाचत होते. मी डिस्कची जोडणी `cache=none` अशी ठेवल्याने होस्टची, म्हणजे सर्व्हरची, स्मृती मधे येतच नव्हती. ती `writeback` केल्यावर एकदा वाचलेला भाग बाकीच्यांना रॅममधूनच मिळू लागला. त्याशिवाय मूळ प्रतिमा लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या एसएसडीवर हलवली आणि दोन गेस्टच्या सुरुवातीत १० सेकंदांचे अंतर ठेवले. आता दहा वाजता ही क्रिया आपोआप सुरू होते आणि तुकडी येण्याआधी सर्व पडदे तयार असतात. समान पाने एकत्र करणाऱ्या केएसएममुळे वीस गेस्टचा ८० जीबीचा वाटा प्रत्यक्षात ५२ जीबीच्या आसपास राहिला.

विजेची बचत मात्र अपेक्षेप्रमाणे झाली नाही, कारण जुनी यंत्रे टर्मिनल म्हणून चालूच आहेत आणि त्यांत सर्व्हरची भर पडली आहे. कमी विजेवर चालणारी छोटी टर्मिनल घेतली तरच हा हिशेब बदलेल. अँड्रॉइडचा एम्युलेटर गेस्टच्या आत फार संथ चालतो आणि पूर्ण पडद्यावरील व्हिडिओ अडखळतो. म्हणून सी, जावा, डेटाबेस आणि लिनक्स या प्रात्यक्षिकांपुरतीच ही व्यवस्था मी सुचवते.

सर्वांत गंभीर प्रश्न सर्व्हर बंद पडण्याचा आहे. एका दुपारी नेटवर्क स्विचची एक केबल सैल झाली आणि वीसही पडदे एकाच क्षणी गोठले. गेस्ट आत चालूच असल्याने केबल बसवताच काम जिथल्या तिथे सापडले, पण परीक्षेत अशी दहा मिनिटेही महाग पडतील. म्हणून सर्व्हरला दुसऱ्या स्विचची स्वतंत्र जोडणी दिली आहे, त्याच्यासाठी वेगळा यूपीएस बसवला आहे आणि उरलेले चार जुने संगणक त्यांच्या डिस्कसह, सर्व सॉफ्टवेअर घालून, मागच्या रांगेत तयार ठेवले आहेत.