मागची खोली हस्तिदंती रंगात रंगवण्याच्या परवानगीसाठी घरमालकांना पत्र

दिनांक : 3 मार्च 2025

प्रति,
मा. घरमालक महोदय,

विषय : दुसऱ्या मजल्यावरील मागच्या खोलीच्या भिंती स्वखर्चाने हस्तिदंती रंगात रंगवण्यास परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,
सादर नमस्कार.

आपल्या घरात मी गेली तीन वर्षे भाड्याने राहत आहे. भाडेकरारातील नवव्या कलमानुसार आपल्या लेखी संमतीशिवाय घराच्या रंगात बदल करता येत नाही, म्हणून कामाला हात लावण्यापूर्वी हे पत्र लिहीत आहे.

माझी आई 5 एप्रिलपासून कायमची माझ्याकडे राहायला येत आहे आणि मागची खोली तिला द्यावी असे मी ठरवले आहे. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्या खोलीच्या भिंती सध्या गडद राखाडी असून एकमेव खिडकी उत्तरेकडे आहे, त्यामुळे थेट ऊन आत येत नाही आणि जो उजेड येतो तोही भिंती शोषून घेतात. मागच्या महिन्यात आई चार दिवस राहून गेली, तेव्हा भरदुपारीही तिला दाराची तपकिरी चौकट भिंतीपासून वेगळी ओळखता येत नव्हती आणि रात्री ती चाचपडत दार शोधत होती. ते पाहिल्यापासून या भिंती उजळ व्हाव्यात, एवढेच मनात आहे.

निवडलेल्या हस्तिदंती छटेचा तुकडा पत्रासोबत जोडला असून शेडकार्डावरील क्रमांक त्याच्या मागे लिहिला आहे. शुभ्र पांढरा रंग मी मुद्दाम टाळला, कारण उत्तरेच्या उजेडात तो निळसर आणि थंड दिसतो. हस्तिदंती रंगातील किंचित पिवळेपणामुळे खोलीला ऊब येते, आणि तपकिरी चौकट व दार त्यावर स्पष्ट उठून दिसतात. चकचकीत रंगावरून परतणारी तिरीप मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना त्रासदायक होते, म्हणून बिनचमकीचा मॅट इमल्शन घेण्याचा विचार आहे. लहान तुकड्यावरून भिंतीचा अंदाज येत नाही, म्हणून दोन फूट लांबी-रुंदीच्या पुठ्ठ्यावर हाच रंग लावून तो सकाळी, दुपारी आणि दिव्याच्या उजेडात चारही भिंतींशी धरून पाहिला. तो पुठ्ठा जपून ठेवला आहे. आपण आलात तर प्रत्यक्ष दाखवीन.

खोली 10 फूट रुंद, 12 फूट लांब आणि साडेनऊ फूट उंच आहे. दार-खिडकी वगळता सुमारे 380 चौरस फूट भिंत रंगवायची आहे. छत पांढरे आहे, ते तसेच राहील. दार, चौकट आणि खिडकीच्या गजांचा ऑइलपेंट यांनाही हात लावणार नाही. खिळ्यांची भोके पुट्टीने बुजवून, भिंती पॉलिश पेपरने घासून, खालचा गडद रंग वर डोकावू नये म्हणून आधी प्रायमर आणि मग रंगाचे दोन हात, अशा क्रमाने काम अनुभवी रंगाऱ्याकडून करून घेईन. फरशी आणि स्विचबोर्ड झाकले जातील. शनिवार-रविवार, म्हणजे 22 आणि 23 मार्च, या दिवशी काम करण्याचा विचार आहे. सर्व खर्च माझा; त्यापोटी भाड्यातून वा अनामत रकमेतून कोणतीही वजावट मी मागणार नाही.

एक गोष्ट आपल्या कानावर घालणे आवश्यक वाटते. खिडकीखाली हातभर जागेत रंगाला पोपडे आले आहेत आणि मिठासारखी पांढरी पूड सुटते. खिडकीच्या कट्ट्याला बाहेरून बारीक भेग आहे, तिच्यातून पावसाचे पाणी मुरत असावे. ओल तशीच ठेवून वर रंग दिला, तर तोही फुगून सुटेल. ही भेग बुजवून घेण्याचे काम आपल्याकडून व्हावे, अशी वेगळी विनंती आहे. ते 22 तारखेपूर्वी होऊन भिंत वाळली नाही, तर तेवढा भाग मी न रंगवता सोडीन आणि नंतर पूर्ण करीन. आपल्या भिंतीवर दोष झाकणारा रंग मला द्यायचा नाही.

घर सोडताना आपली इच्छा असल्यास खोली पुन्हा आताच्याच राखाडी रंगात माझ्या खर्चाने रंगवून देईन. सध्याच्या भिंतींची छायाचित्रे त्यासाठी सोबत जोडली आहेत. हस्तिदंती छटेला आपली हरकत असेल, तर आपल्याला चालणारी दुसरी फिकट छटा अवश्य सुचवावी. गडद छटा मात्र आईच्या दृष्टीने उपयोगाची नाही.

रंगाऱ्याला वेळ कळवायची असल्याने आपले लेखी उत्तर 15 मार्चपर्यंत मिळावे, ही नम्र विनंती. त्याआधी खोली पाहायची असल्यास कोणत्याही दिवशी संध्याकाळी सहानंतर मी घरी असते.

कळावे,

आपली विश्वासू,
दुसऱ्या मजल्यावरील भाडेकरू

सोबत : 1. हस्तिदंती छटेचा तुकडा
2. खोलीच्या चारही भिंतींची व खिडकीखालील ओलीची छायाचित्रे