सहा वाजताचा पक्षी

रविवार, २४ मे, संध्या. ७:१०
गौरी: नमस्कार, मी गौरी. सकाळी वेताळ टेकडीवर तुमची दुर्बीण सारखी मागून घेणारी. घरी येऊन आरशात पाहिलं तर डोळ्यांभोवती दोन गोल वण! उत्तराची घाई नाही.

सोमवार, २५ मे, रात्री ९:३२
ओंकार: 'दुर्बीण'मधला बी दीर्घ लिहिलात. बरं वाटलं.
गौरी: मुद्रितशोधकाला पहिला मेसेज. पाठवायच्या आधी तीनदा वाचला.
ओंकार: एक सांगून ठेवतो, गैरसमज नको. मला माणसांचा कंटाळा नाही, फोनचा आहे. उत्तर डोक्यात लगेच तयार होतं, बोटांपर्यंत यायला दोन दिवस लागतात.
गौरी: मग आठवड्यातून दोनच. बुधवार, रविवार, संध्याकाळी सहा. चालेल?
ओंकार: चालेल.

बुधवार, २७ मे, संध्या. ६:००
गौरी: आजचा प्रश्न एका शब्दाचा. तुम्ही की तू?
६:४०
ओंकार: तू.
गौरी (टाइप करून पुसलेलं): चाळीस मिनिटं लागली एका अक्षराला!!

रविवार, ३१ मे, संध्या. ६:००
गौरी: माझ्या खिडकीबाहेर पावशा पहाटे चारपासून 'पेरते व्हा, पेरते व्हा' करतोय. एवढा तगादा लावून कोणी भेटतं का त्याला?
सोमवार, रात्री ८:१५
ओंकार: भेटतं. पण तुझी पद्धत बरी आहे.

बुधवार, ३ जून, संध्या. ६:००
गौरी: (फोटो) घराजवळच्या खानावळीची पाटी. 'शुध्द शाकाहारी'. तुला त्रास होणार माहीत होतं, तरी पाठवला.
६:२१
ओंकार: ध ला द? जेवण तरी शुद्ध आहे का?
गौरी: थालीपीठ चांगलं असतं. पाटीकडे पाठ करून बसायचं.

रविवार, ७ जून, संध्या. ६:००
गौरी: काल एका नोटिशीत 'वकीलाला' लिहिलं आणि वकीलसाहेबांकडूनच बोलणी खाल्ली. वकील दीर्घ, मग वकिलाला ऱ्हस्व का?
सोमवार, रात्री १०:०५
ओंकार: उपान्त्य अक्षराचा नियम. शब्द एकटा असला की ऐसपैस पाय पसरून बसतो. प्रत्यय चिकटला की आखडतो.
गौरी: ओळखीचा वाटतोय हा शब्द.
ओंकार: माझ्याच घराण्यातला आहे.

शुक्रवार, १२ जून, रात्री ९:४८
गौरी: आज काय झालं सांगू
गौरी: ऑफिसातून निघाले आणि कर्वे रोडला हा एवढा पाऊस
गौरी: छत्री घरी, आणि चार रिक्षावाल्यांनी 'नाही जाणार' म्हणून मान हलवली
गौरी: तुला पाऊस कसा आवडतो? भिजायला की खिडकीतून बघायला?
१०:२०
गौरी: झोपलास?

रविवार, १४ जून, संध्या. ६:००
गौरी: शुक्रवारी माझाच पावशा झाला होता. पाचही मेसेज माफ. फक्त चौथ्याचं उत्तर दे, तेही वाटलं तर.
६:०२
ओंकार: खिडकीतून. पण दोन कप चहा हवा.
गौरी (टाइप करून पुसलेलं): दोन्ही तुलाच, की एक माझा?
गौरी (टाइप करून पुसलेलं): दोन मिनिटांत उत्तर! तब्येत बरी आहे ना?
गौरी: नोंद घेतली. दोन कप.

बुधवार, १७ जून, संध्या. ६:००
गौरी: परवापासून विचार करतेय. 'आणि' कुठल्याच शब्दाला चिकटत नाही, तरी दोघांना जोडतं. त्याच्यामुळे कोणाला आखडावं लागत नाही. बरोबर ना?
गुरुवार, रात्री ११:१०
ओंकार: बरोबर. फक्त त्याच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडायची असते.
गौरी: सोडते.

शनिवार, २० जून, संध्या. ५:५५
ओंकार: आज शनिवार आहे, माहीत आहे.
ओंकार: टेकडीवर नवरंग आलाय. सकाळी ऐकला, दिसला नाही. तमिळमध्ये त्याला 'आरुमणि कुरुवि' म्हणतात, सहा वाजताचा पक्षी. पहाटे आणि तिन्हीसांजेला सहाच्या सुमारास शीळ घालतो, मग दिवसभर बराचसा गप्प.
गौरी: ओंकार, हे तुझे सलग दोन मेसेज आहेत.
ओंकार: मोजले मी. उद्या साडेपाचला येशील? एआरएआयच्या बाजूने चढू. बोलावं लागणार नाही, पक्षी बिचकतो.
गौरी: येते.
ओंकार: दुर्बीण एकच आहे.
गौरी: चालेल. माझ्या थर्मासात बरोबर दोन कप मावतात.