पूरग्रस्त घराची दुरुस्ती व कुटुंबाचे पुनर्वसन यांसाठी दीर्घ रजा मंजूर करण्याबाबत विनंती अर्ज

दिनांक : ६ ऑगस्ट २०२१

प्रति,
मा. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी,
सातारा.

मार्फत : कार्यालय अधीक्षक, जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालय, सातारा.

अर्जदार : महेश वसंत साळवी, वरिष्ठ लिपिक, लेखा शाखा.

विषय : दि. १७ ऑगस्ट २०२१ ते १५ ऑक्टोबर २०२१ अशी ६० दिवसांची अर्जित रजा आणि तिला जोडून दि. १६ ऑक्टोबर २०२१ ते १२ नोव्हेंबर २०२१ अशी २८ दिवसांची अर्धवेतनी रजा, तसेच रजेआधीच्या व रजेनंतरच्या सुट्ट्या जोडून घेण्यास आणि मुख्यालय सोडण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१.

महोदय,

दि. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीला आलेल्या महापुरात चिपळूण शहरातील पेठमाप भागातील आमचे राहते घर पाण्याखाली गेले. घर माझ्या वडिलांच्या नावावर असून वडील, आई, पत्नी आणि यंदा दहावीत असलेली मुलगी तेथे कायम राहतात. मी नोकरीनिमित्त सातारा येथे भाड्याच्या खोलीत एकटा राहतो. त्या दिवशी पहाटे घरात पाणी शिरले आणि दुपारपर्यंत ते माळ्याच्या तुळयांना टेकले. माझ्या वडिलांना पक्षाघातामुळे स्वतः चालता येत नाही. शेजारच्या दोन तरुणांनी त्यांना उचलून माळ्यावर नेले, म्हणून ते वाचले. संपूर्ण कुटुंबाने ती रात्र माळ्यावरच काढली. जीवितहानी झाली नाही, याबद्दल मी त्या तरुणांचा आजन्म ऋणी आहे.

त्यानंतर दि. २६ ते ३० जुलै या काळात आपण मंजूर केलेल्या नैमित्तिक रजेत मी घरातील चिखल काढला, कुटुंबाला सावर्डे येथे भाड्याच्या दोन खोल्यांत हलवले आणि प्राथमिक पंचनाम्याच्या वेळी हजर राहिलो. दि. २ ऑगस्टपासून मी कामावर रुजू आहे. या पाच दिवसांत घर राहण्यायोग्य होईल अशी माझीही अपेक्षा नव्हती, परंतु नुकसान किती खोलवर गेले आहे हे चिखल निघाल्यावरच दिसले. म्हणून हा अर्ज सविस्तर लिहीत आहे.

आमचे घर १९७४ साली बांधलेले, जांभ्या चिऱ्याचे आणि मंगलोरी कौलांचे आहे. भिंतींचे चिरे मातीत बसवलेले आहेत. २६ जुलै २००५ च्या पुरात पाणी ओटीच्या वर कंबरेइतके आले होते, तेव्हा तळाचे सांधे सिमेंटने भरून घेतले होते आणि त्यावर घर इतकी वर्षे उभे राहिले. या वेळी पाणी सिमेंटने भरलेल्या पट्ट्याच्या कितीतरी वर गेले आणि दीर्घकाळ थांबले, त्यामुळे वरच्या थरांतील माती वाहून गेली. स्वयंपाकघराची मागची भिंत पुरातच कोसळली. माजघराची उत्तरेकडील भिंत पंचनामा झाल्यानंतर, दि. २९ जुलै रोजी, बाहेरच्या बाजूला कलली व संध्याकाळी पडली. आता त्या बाजूच्या छपराचा भार लाकडी टेकूंवर आहे. ओटीची लादी खचली आहे, विजेची सर्व जोडणी निकामी झाल्याने वीजपुरवठा खंडित केलेला आहे, आणि परसातील विहिरीत गाळ व सांडपाणी मिसळले आहे. घराची पाहणी केलेल्या परवानाधारक अभियंत्यांनी दोन्ही भिंती पायापासून नव्याने उभारल्याशिवाय कोणीही आत राहू नये, असे लेखी दिले आहे. दुरुस्तीचा अंदाजित खर्च ७,८५,००० रुपये आहे. घराचा विमा उतरवलेला नव्हता.

एवढ्या दीर्घ रजेची गरज का आहे, हे स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते, कारण केवळ दोन भिंतींसाठी अडीच-तीन महिने हे प्रथमदर्शनी अवाजवी भासू शकते. कोकणात हे काम पावसाच्या क्रमानेच करावे लागते. ऑगस्ट व सप्टेंबर या महिन्यांत नवी भिंत वर चढवता येत नाही, कारण पाया उघडला की त्यात पाणी भरते आणि पावसाळ्यात चिरेखाणी बंद असल्याने नवा चिरा मिळत नाही. मात्र याच दोन महिन्यांत छपर टेकूंवर सुरक्षित धरून ठेवणे, कुजलेले वासे व रिपा बदलणे, कौले उतरवून पुन्हा शाकारणे, पडलेल्या भिंतीतील धड चिरे वेचून धुऊन रचून ठेवणे आणि विहिरीचा उपसा करणे ही कामे झाली नाहीत, तर पुढचे कोणतेही काम सुरू होणार नाही. उलट आज उभ्या असलेल्या दोन भिंतीही हातच्या जातील. पाऊस ओसरल्यावर, म्हणजे साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून, पाया व भिंती आणि त्या पुरेशा वाळल्यावर गिलावा, लादी व वीजजोडणी असा क्रम आहे. ओल्या भिंतीवर गिलावा केल्यास तो पुढच्या पावसाळ्यात सुटतो, हा आमच्या भागातील सर्वांचा अनुभव आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात वडिलांना घरी आणता येईल, असे अभियंत्यांनी दिलेल्या कामाच्या वेळापत्रकावरून दिसते.

ही कामे ठेकेदारावर सोपवून मी साताऱ्यास राहावे, असा विचार मी केला होता. परंतु सध्या संपूर्ण चिपळूण शहरात हीच कामे चालू असल्याने गवंडी व सुतार पूर्ण कामाचा ठेका घेण्यास तयार नाहीत. ते रोजंदारीवर आणि मालकाने साहित्य जागेवर पुरवल्यासच येतात. घरात माझ्याशिवाय हे पाहू शकेल असे कोणी नाही. वडिलांची अवस्था वर नमूद केलीच आहे, आईचे वय ७१ आहे, आणि पत्नीला सावर्डे येथे वडिलांची शुश्रूषा सोडून रोज चिपळूणला जाणे शक्य नाही. मुलीची पुस्तके, वह्या व अभ्यासाचा मोबाईल पुरात गेला. तिच्या दहावीच्या वर्षाची घडीही याच काळात पुन्हा बसवायची आहे.

याखेरीज काही शासकीय बाबींसाठी माझी प्रत्यक्ष उपस्थिती लागणार आहे. उत्तरेकडील भिंत पंचनाम्यानंतर पडल्यामुळे मूळ पंचनाम्यात घराचे नुकसान अंशतः व कमी टक्केवारीचे नोंदले गेले आहे आणि शासनाची मदत नुकसानीच्या टक्केवारीनुसार ठरत असल्याने फेरपंचनाम्यासाठी मी तहसील कार्यालयाकडे अर्ज केला आहे. भिंती पायापासून उभारायच्या असल्याने नगरपरिषदेची परवानगी घ्यावी लागेल. मिळकत पत्रिकेची मूळ प्रत भिजून नष्ट झाल्याने प्रमाणित प्रत नव्याने काढली आहे. वडिलांना कार्यालयात नेणे शक्य नसल्याने त्यांच्या वतीने सही करण्याचे अधिकारपत्र त्यांनी मला दिले आहे. दुरुस्तीच्या खर्चासाठी माझ्या भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढण्याचा अर्ज स्वतंत्रपणे सादर करीत आहे.

मला पूर्ण जाणीव आहे की याच पावसाने आपल्या जिल्ह्यातही मोठा आघात केला आहे. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव येथे दरडी कोसळून माणसे गेली. वाई, महाबळेश्वर व पाटण भागातील शेतीच्या नुकसानीचे पंचनामे चालू आहेत आणि त्याचा भार आपल्या कार्यालयावर आहे. अशा वेळी लेखा शाखेतील एका कर्मचाऱ्याने दीर्घ रजा मागणे किती अडचणीचे आहे, हे मी समजू शकतो. म्हणूनच रजा तात्काळ न मागता दि. १७ ऑगस्टपासून मागत आहे, जेणेकरून हाती असलेली कामे पूर्ण करून कार्यभार नीट सोपवता येईल. ऑगस्टची वेतन देयके सेवार्थ प्रणालीत दि. १३ ऑगस्टपर्यंत तयार करून ठेवीन. खर्चाच्या ताळमेळाचे जुलैअखेरचे काम संपले आहे. शाखेतील कनिष्ठ लिपिकांनी माझा कार्यभार सांभाळण्यास लेखी संमती दिली आहे आणि त्यांच्यासाठी प्रलंबित प्रकरणांची, नस्ती क्रमांकांसह, टिप्पणी तयार केली आहे. रजेच्या काळात लेखाविषयक कोणत्याही शंकेसाठी मी दूरध्वनीवर उपलब्ध राहीन.

माझ्या रजा खात्यावर दि. १ जुलै २०२१ रोजी ७४ दिवस अर्जित रजा व ११८ दिवस अर्धवेतनी रजा शिल्लक आहे. मागितलेली रजा वजा जाता अनुक्रमे १४ व ९० दिवस शिल्लक राहतील. वडिलांच्या प्रकृतीमुळे थोडी अर्जित रजा राखून ठेवणे भाग आहे, म्हणून शेवटच्या २८ दिवसांसाठी खाजगी कारणास्तव अर्धवेतनी रजा मागितली आहे. त्या काळात निम्म्या वेतनावर राहण्याची माझी तयारी आहे. रजेपूर्वी येणाऱ्या दि. १४, १५ व १६ ऑगस्ट (शनिवार, रविवार व पारशी नववर्ष) आणि रजेनंतर येणाऱ्या दि. १३ व १४ नोव्हेंबर (शनिवार, रविवार) या सुट्ट्या जोडून घेण्यास परवानगी मिळावी. मी दि. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी कार्यालयीन वेळेपूर्वी रुजू होईन.

रजा हा हक्क नाही आणि कार्यालयाच्या निकडीनुसार ती नाकारण्याचा वा कमी करण्याचा अधिकार सक्षम प्राधिकाऱ्यास आहे, हे मी जाणतो. संपूर्ण रजा एकदम मंजूर करणे शक्य नसेल, तर माझी नम्र विनंती आहे की दि. १७ ऑगस्ट ते ३१ ऑगस्ट हा टप्पा छपर सुरक्षित करण्यासाठी आणि दि. २७ सप्टेंबर ते १२ नोव्हेंबर हा टप्पा भिंती उभारण्यासाठी द्यावा. मधल्या काळात मी कामावर हजर राहीन आणि शनिवार-रविवारी चिपळूणला जाऊन काम पाहीन. परंतु ऑक्टोबरचे आठवडे हातचे गेल्यास गवंडी दुसऱ्या कामांवर जातील आणि आई-वडिलांना पुढचा पावसाळाही भाड्याच्या घरात काढावा लागेल, म्हणून दुसरा टप्पा कृपया कमी करू नये.

सन २००२ पासूनच्या माझ्या सेवेत मी इतकी दीर्घ रजा यापूर्वी कधीही मागितलेली नाही. वरील परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून रजा मंजूर करावी आणि रजेच्या काळात मुख्यालय सोडण्यास परवानगी द्यावी, ही विनंती.

रजेच्या काळातील पत्ता : मु. पो. सावर्डे, ता. चिपळूण, जि. रत्नागिरी. सेवापुस्तकात नोंदवलेला माझा भ्रमणध्वनी क्रमांक चालू आहे.

आपला विश्वासू,

(सही)
महेश वसंत साळवी
वरिष्ठ लिपिक, लेखा शाखा

सोबत जोडलेली कागदपत्रे :

१. विहित नमुन्यातील रजेचा अर्ज व रजा खात्याचा उतारा.
२. प्राथमिक पंचनाम्याची प्रत आणि फेरपंचनाम्यासाठी तहसील कार्यालयास दिलेल्या अर्जाची पोच. फेरपंचनाम्याची प्रत मिळताच सादर करीन.
३. परवानाधारक अभियंत्यांचा पाहणी अहवाल, खर्चाचे अंदाजपत्रक व कामाचे वेळापत्रक.
४. घराची तारखेसह छायाचित्रे. उत्तरेकडील भिंत पडण्यापूर्वीची व पडल्यानंतरची छायाचित्रे स्वतंत्र दाखवली आहेत.
५. मिळकत पत्रिकेची प्रमाणित प्रत व वडिलांनी दिलेले अधिकारपत्र.
६. सावर्डे येथील खोल्यांचा भाडेकरार.
७. वडिलांच्या आजाराबाबत उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र (पूर्वीचे उपचारांचे कागद पुरात नष्ट झाल्याने नव्याने घेतलेले).
८. कार्यभार सांभाळणाऱ्या कनिष्ठ लिपिकांचे संमतीपत्र व प्रलंबित प्रकरणांची टिप्पणी.