विषय: ईशान (इयत्ता पाचवी, तुकडी ब) – भेटीसाठी वेळ मिळण्याबाबत

नमस्कार मॅडम,

ईशानबद्दल प्रत्यक्ष भेटून बोलायचं होतं. गेल्या मंगळवारी तो भरलेला डबा तसाच घरी घेऊन आला. विचारल्यावर म्हणाला, मधल्या सुट्टीत काढून घेतला होता, घंटा झाल्यावर परत दिला. शुक्रवारी गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर दुसऱ्या कुणाच्या अक्षरात ‘ढापण्या’ असं पानभर लिहिलेलं होतं. वही सोबत आणते. व्हॅनमध्येही त्याच नावाने हाक मारतात, असं तो सांगतो.

डबा आणि वही मी स्वतः पाहिली. बाकीचं त्याच्या तोंडून ऐकलेलं. वर्गात नेमकं काय घडतं ते तुम्हालाच जास्त ठाऊक असणार. त्याच्याकडूनही काही होत असेल तर तेही जरूर सांगा. मुलांची नावं इथे मुद्दाम लिहीत नाही, भेटीत बोलू. तोवर त्याला सगळ्यांसमोर काही विचारू नये, एवढी विनंती. सकाळी निघताना तो आधीच का-कू करतोय.

बुधवारी किंवा गुरुवारी शाळा सुटल्यावर पंधरा-वीस मिनिटं मिळतील का? शनिवारी आम्ही दोघंही येऊ शकतो.

आपली,
ईशानची आई