वार्षिक स्नेहसंमेलन : प्रमुख पाहुण्यांचा परिचय

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, शाळा समितीचे माननीय देशपांडे सर, प्रमुख पाहुण्या माननीय डॉ. सुलभाताई वानखडे, मुख्याध्यापिका आदरणीय बोरकर मॅडम, सहकारी शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, पालक आणि विद्यार्थी मित्रांनो, सर्वांना सप्रेम नमस्कार.

डॉक्टर म्हटलं की पहिली-दुसरीच्या मुलांना सुई आठवते. घाबरू नका, मॅडम झाडांच्या डॉक्टर आहेत. त्यातही आपल्या संत्र्याच्या!

मॅडम मूळच्या काटोल तालुक्यातल्या. शालेय शिक्षण गावातल्या जिल्हा परिषद शाळेत झालं. 1906 साली सुरू झालेल्या नागपूरच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून वनस्पती रोगशास्त्रात पीएच. डी. मिळवली. अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतून त्या प्रधान वैज्ञानिक म्हणून निवृत्त झाल्या.

त्यांचा अभ्यासाचा विषय म्हणजे डिंक्या रोग. आळ्यातलं पाणी खोडाला लागून साचलं की जमिनीतली बुरशी सालीत शिरते, साल तडकते, डिंक पाझरू लागतो आणि हळूहळू अख्खं झाड वाळतं. पानं पिवळी पडलेली दिसतात, म्हणून शेतकरी खत वाढवतो. दुखणं मात्र बुंध्याशी असतं. मॅडमनी बांधाबांधावर जाऊन हेच समजावलं. कलम करताना खुंटावर जिथे दुसऱ्या झाडाचा डोळा, म्हणजे कळी, बसवतात, तो सांधा जमिनीपासून वीतभर वर ठेवा. खोडाभोवती दुहेरी आळं करा, म्हणजे पाणी मुळांना मिळेल, खोडाला लागणार नाही. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर बोर्डो मलम लावा : 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. आणि ते प्लास्टिकच्या बादलीत कालवा. मोरचूद लोखंड खातं, बादलीही जाते आणि औषधही बिघडतं.

नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे ढीग पाहताना आपल्याला भाव दिसतो. त्यामागची बुंध्यापाशी वाकून केलेली ही मेहनत फारशी कुणाला दिसत नाही, म्हणूनच आज मॅडमना बोलावलं.

नवव्या वर्गाच्या विज्ञान मंडळाची खास विनंती आहे. मॅडमनी आपल्या भाषणात एकाच खुंटावर वेगळ्या जातीचा डोळा कसा जगतो, हे थोडक्यात सांगावं. मुलांनी त्यासाठी खुंट म्हणून वापरल्या जाणाऱ्या जंबेरी लिंबाची दोन रोपं मंचाशेजारी आणून ठेवली आहेत.

आता मी मुख्याध्यापिका आदरणीय बोरकर मॅडमना विनंती करते की त्यांनी माननीय डॉ. सुलभाताई वानखडे यांचं शाल, श्रीफळ आणि संत्र्याचं कलम देऊन स्वागत करावं. कलम कुंडीत आहे, सांधा मातीच्या वर आहे. आम्ही आधीच तपासून घेतलंय, मॅडम!