सहलीआधी गाडी लागण्याची गोळी : पालकांसाठी सूचना

सातारा, सोमवार, १५ डिसेंबर २०२५
इयत्ता पाचवी ते सातवीच्या सर्व पालकांना

सप्रेम नमस्कार.

येत्या शनिवारी, २० तारखेला सकाळी साडेसहाला शाळेच्या फाटकातून सहलीची गाडी सुटेल. जाताना मेढ्यावरून केळघर घाट चढून महाबळेश्वर, तिथून आंबेनळी घाटाने प्रतापगड. येताना पाचगणी आणि पसरणीचा घाट उतरून वाई, मग सातारा. दिवसभर वळणंच वळणं आहेत. ज्यांना गाडी लागते त्या मुलांना बऱ्याच घरांतून गोळी दिली जाते. ती देऊ नका असं शाळेचं म्हणणं नाही. पण या गोळीने झोप येते, आणि पेंगुळलेलं मूल गडाच्या पायऱ्यांवर, कड्याजवळ किंवा वाईच्या घाटावर कृष्णेच्या पाण्याजवळ उभं असेल, तर आम्हाला ते आधी माहीत असायलाच हवं.

पहिली गोष्ट, गोळी खरंच लागते का ते बघा. आजोळी जाताना एसटीत दरवेळी उलटी होते, तिलाच गोळी. 'असू दे, बाकीच्या मुलांना देतायत' म्हणून कुणालाही देऊ नका.

आपल्याकडे सर्रास मिळते ती अ‍ॅव्होमिन. तिच्यात प्रोमेथाझिन थिओक्लेट २५ मिलिग्रॅम असतं. नेहमीचा डोस असा : ५ वर्षं पूर्ण ते १० वर्षांच्या आतल्या मुलाला अर्धी गोळी, दहा पूर्ण झालेल्यांना एक. दिवसातून एकदाच. पाचवीतल्या काही मुलांना अजून दहा पूर्ण व्हायची आहेत, तेव्हा इयत्ता न पाहता जन्मतारीख पाहा. मूल अंगाने थोराड आहे म्हणून डोस वाढवू नका. मूल फार किरकोळ असेल तर डॉक्टरांना विचारूनच द्या. अर्धी गोळी मेडिकलमधून नीट कापून आणा, घरी सुरीने तिचा चुरा होतो आणि किती पोटात गेली ते कळत नाही.

वेळेचं म्हणाल तर आदल्या रात्री झोपताना दिलेली बरी. तिचा अंमल बराच वेळ राहतो, झोपेचा जास्त भाग रात्रीतच निघून जातो आणि सकाळच्या घाटात उपयोग होतो. रात्री राहून गेली तर निघण्याआधी एक ते दोन तास, म्हणजे पहाटे साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान. दोन्हींपैकी एकच वेळ. घरात होतं ते असं, की रात्री आई गोळी देते, पहाटे उठवताना बाबा 'घेतलीस का गं?' विचारतात, पोरगी झोपेत 'नाही' म्हणते आणि दुसरी गोळी पोटात जाते. म्हणून गोळी कोण देणार हे आधीच ठरवा आणि दिल्या दिल्या डायरीत लिहा. परतीच्या प्रवासासाठी वेगळी गोळी लागत नाही.

दुसऱ्या नावाची गोळी असेल तर अ‍ॅव्होमिनचं माप तिला लावू नका. डायमेनहायड्रिनेटची ५० मिलिग्रॅमची गोळी निघण्याआधी अर्धा ते एक तास घेतात, आणि ६ ते ११ वर्षांच्या मुलाला एका वेळी अर्धी ते एक असा तिचा डोस आहे. दोन प्रकारच्या गोळ्या एकाच दिवशी नकोत. पोट बिघडल्यावर डॉक्टरांनी दिलेली ऑन्डानसेट्रॉनची गोळी बऱ्याच घरांत उरलेली असते, ती गाडी लागण्यावर फारशी चालत नाही.

मुलाला दमा, फिट, हृदयाचा किंवा लिव्हरचा आजार असेल, झोपेत श्वास अडकत असेल, किंवा रोजचं कुठलंही औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी नको. डिसेंबरात सर्दी-खोकला घरोघरी आहेच. सर्दीच्या सिरपमध्ये क्लोरफेनिरामिन किंवा सेटिरिझिन असतं, त्यानेही गुंगी येते. सिरप आणि ही गोळी एकत्र गेली की गुंगी दुप्पट.

ज्यांनी ही गोळी कधीच घेतलेली नाही, त्यांना पहिल्यांदा सहलीच्या दिवशी देऊ नका. डॉक्टरांना विचारून या आठवड्यात एखाद्या रात्री घरी देऊन बघा. काही मुलं शांत झोपण्याऐवजी उलट चिडचिडी होतात, सैरभैर होतात. ते घरी कळलेलं चांगलं. तोंड कोरडं पडणं, थोडं अंधुक दिसणं, लघवीला त्रास होणं हेही काही जणांना होतं.

आता शाळेकडून काय होईल ते सांगते. ज्यांनी गोळी घेतली आहे त्यांची यादी गाडीत माझ्याजवळ असेल. ही मुलं पुढच्या तीन रांगांत, प्रत्येकाशेजारी गोळी न घेतलेलं मूल, आणि त्यांच्यासाठी एक शिक्षिका वेगळ्या. दर अर्ध्या तासाने त्या प्रत्येकाला नावाने हाक मारून उत्तर घेतील. झोपलं आहे म्हणून गाडीत कुणालाही एकटं ठेवलं जाणार नाही. जे मूल चालताना झोकांड्या खातं किंवा सारखं पेंगतं, ते गड चढणार नाही, खाली शिक्षिकेसोबत बसेल. वेण्णा लेकवर घोडा किंवा नावही त्याला मिळणार नाही. मूल रडेल, घरी येऊन तक्रार करेल, पण यात आम्ही सवलत देणार नाही. हाक मारून, हलवूनही जागं होत नसेल, श्वास मंद किंवा घरघरता असेल, असंबद्ध बोलत असेल, मान-जबडा आखडत असेल, तर लगेच १०८ ला फोन आणि जवळचं रुग्णालय. तुम्हाला त्याच वेळी कळवू.

मुलांच्या दप्तरात किंवा खिशात गोळ्या देऊ नका. एकाची पट्टी मैत्रीखात्यात पाच जणांत वाटली जाते. शाळाही आपल्याकडची गोळी कुणाला देणार नाही. गोळी दिल्यावर मुलाने उलटी केली तर पुन्हा देऊ नका, फाटकाशी आम्हाला सांगा.

सकाळी रिकाम्या पोटी पाठवू नका. उपमा किंवा पोळी-दूध इतकं पुरे. तळलेलं आणि गोड नको, कंदी पेढ्यांचा डबा संध्याकाळसाठी ठेवा. आलेपाकाच्या दोन वड्या खिशात दिल्या तर चालतील. गाडीत पुस्तक नाही, आणि मोबाइल तर आणायचाच नाही.

शुक्रवारी दुपारपर्यंत डायरीत सहीनिशी लिहून द्या. उदाहरणार्थ : 'वय ११ वर्षे. अ‍ॅव्होमिन २५ मि.ग्रॅ., एक गोळी, शुक्रवारी रात्री साडेनऊला देणार. दुसरं कुठलंही औषध चालू नाही.' प्रत्यक्ष किती वाजता दिली ते शनिवारी सकाळी त्याखाली लिहा. गोळी देणार नसाल तर तसंही लिहा, कोरं पान आलं की आम्हाला फोन करावा लागतो.

गाडी रात्री साडेआठच्या सुमारास परत येईल. वाई सोडल्यावर ग्रुपवर निरोप टाकू. गोळी घेतलेल्या मुलाला न्यायला शक्यतो रिक्षा किंवा चारचाकी आणा. दुचाकीवर मागे बसवलेलं पेंगुळलेलं मूल पोवई नाक्यापर्यंतही नीट धरून बसेल याचा भरवसा नाही. आणि त्या रात्री सर्दीचं सिरप देऊ नका.

आपली,
सहल प्रमुख शिक्षिका