सायलीच्या जेवणाबद्दल वॉर्डन मॅडमना मेसेज

नमस्कार मॅडम, मी सायलीची मावशी, चिंचवडहून. बी विंग 214 मधली सायली, सेकंड इयरची, तिच्या फॉर्मवर लोकल गार्जियन म्हणून माझंच नाव आहे. फोनच करणार होते पण सकाळी तुमची गडबड असते आणि हे सगळं फोनवर नीट सांगून होणार नाही म्हणून लिहितेय. मेसेज जरा मोठा झालाय, सवडीने वाचा.

तुम्हाला माहितीच आहे ती सध्या माझ्याकडे आहे. डॉक्टरांनी गॅस्ट्रायटिस सांगितलंय, म्हणजे जठराच्या आतल्या अस्तराला सूज. ॲडमिट करायची गरज पडली नाही, उलट्या थांबल्यात, जेवण जायला लागलंय, पण अजून जरा काही तिखट पोटात गेलं की बरगड्यांच्या मधोमध हात दाबून बसते आणि घोट घोट पाणी पीत राहते. कारण बहुतेक पेनकिलर. पाळीत पोट दुखतं म्हणून मैत्रिणींकडून आयब्युप्रोफेनच्या गोळ्या घेऊन रिकाम्या पोटी खायची, वर सबमिशनची जागरणं आणि नुसता चहा. तेव्हा मेसच्या जेवणाने झालं असं मी अजिबात म्हणत नाहीये हं, तसा गैरसमज नको. डॉक्टर पण म्हणाले की तिखटाने हा आजार होतोच असं नाही, पण एकदा आतून सोललं गेलंय म्हटल्यावर त्यावर तिखट, तेल, आंबट पडलं की झोंबणारच.

आता रविवारी संध्याकाळी तिला परत पाठवायचं म्हणते, कारण लेक्चर्स बुडतायत आणि ती माझ्या डोक्यावर बसलीये. प्रश्न फक्त जेवणाचा आहे, पुढचे तीन आठवडे तरी पथ्य पाळायला सांगितलंय.

मला कल्पना आहे एवढ्या मुलींच्या मेसमध्ये एकीसाठी वेगळा स्वयंपाक कोण करणार. म्हणून मी जे मागतेय त्यात महाराजांना वेगळं पातेलं चढवायला लागणार नाही असं बघितलंय. तुमच्याकडे वरण रोज शिजतंच, त्याला फोडणी द्यायच्या आधी हळद मीठ घातलेलं दोन वाट्या बाजूला काढून ठेवलं तरी तिचं अर्धं काम झालं. भाजीचंही तेच, दुधी, दोडका, लाल भोपळा, पडवळ असलं काही असेल त्या दिवशी मिरची मसाला पडायच्या आधी थोडी काढून जिरं मिठावर मऊ शिजवली की बास. अळणी नको, मीठ चालतं तिला. भात मात्र सगळ्यांसाठी मोकळा करतात तो तिला जड जातो, त्यातलाच वाटीभर घेऊन थोडं गरम पाणी घालून पाच मिनिटं परत गॅसवर ठेवला की गुरगुट्या होतो, वर चमचाभर तूप. पोळी चालेल पण तव्यावरून काढलेली मऊ, कडक झालेली नको.

ज्या दिवशी उसळ, छोले, रस्सा, वांगं असेल त्या दिवशी तिने नुसता वरणभात खाल्ला तरी चालेल, पण मग तिला दोनदा वरण वाढू द्या प्लीज. तिची रूममेट मला सांगत होती की मागच्या महिन्यात ही मटकीची उसळ बेसिनवर गाळणीत धुवून खात होती, वरचा लाल तवंग जावा म्हणून! कुणाला सांगायला लाजते, भिडस्त आहे फार, म्हणून मला मधे पडावं लागतंय.

नाश्त्याचं जरा अवघड आहे. पोह्यात मिरच्या असतात, मिसळीचा तर प्रश्नच नाही. इडली किंवा उपमा असेल त्या दिवशी ठीक आहे, इडलीबरोबर सांबार नको, नुसती दुधात कुस्करून पण खाते ती. बाकीच्या दिवशी केळं आणि दूध दिलं तरी पुरे. तिची एक गोळी आहे, पँटोप्राझोल 40, ती सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी घ्यायची आणि अर्ध्या तासाने खायचं, त्यामुळे साडेसातच्या नाश्त्याला ती आठला आली तर चालवून घ्या. आणि हो, श्रावणी सोमवारचा उपवास तिला या वेळी करू देऊ नका, मी बजावलंय पण मुली एकमेकींच्या नादाने करतात. साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी दोन्ही नको. भगर मऊ केलेली असेल तर खुशाल खाऊ दे, उपवास म्हणून नाही, जेवण म्हणून.

दुसरी विनंती वेळेची. मेस रात्री साडेआठला उघडते आणि ती दहाला आडवी होते, डॉक्टर म्हणाले जेवण आणि झोप यात दोन अडीच तास पाहिजेत. तिला साडेसातला किचनमधूनच ताट मिळालं तर फार बरं होईल. मधल्या वेळेत पोट रिकामं ठेवायचं नाही म्हणून रूमवर केळी, मुरमुरे, राजगिऱ्याचे लाडू ठेवायची परवानगी द्या. खायचं रूममध्ये ठेवायचं नाही हा नियम मुंग्यांमुळे आहे हे माहितीये, घट्ट झाकणाचे डबे देतेय, त्याच्या बाहेर काही राहणार नाही. इंडक्शन वगैरे काही मागत नाही, फक्त थर्मासमध्ये गरम पाणी भरून घेऊ द्या.

एक महत्त्वाचं. तिला ताप आला, डोकं दुखलं, पाळी आली तरी ऑफिसच्या औषधाच्या डब्यातली पेनकिलर देऊ नका, आयब्युप्रोफेन नाही, डायक्लोफेनॅक नाही. साधी पॅरासिटामॉल चालते असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. आणि उलटीत रक्त दिसलं, शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा पोटातलं दुखणं थांबतच नसेल तर रात्रीचे कितीही वाजलेले असोत, तिला सरळ जवळच्या दवाखान्यात हलवा आणि मला फोन करा, माझी वाट बघत थांबू नका.

डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो खाली टाकतेय, ओरिजिनल तिच्याबरोबर देते. मुगाची डाळ, दूध, तूप याचे जे काही वरचे पैसे होतील ते सांगा, मी लगेच पाठवते, त्यात संकोच करू नका. महाराजांशी मी स्वतः बोलले तर चालेल का? म्हणजे तुम्हाला मधे निरोप्याचं काम नको.

तुम्ही शनिवारपर्यंत एवढं कळवा की फोडणीआधीचं वरण आणि साडेसातचं ताट या दोन गोष्टी जमतील का, बाकीचं आम्ही निभावून नेऊ. जमत नसेल तर तसं मोकळेपणाने सांगा, मग मी तिला अजून आठवडाभर माझ्याकडेच ठेवते आणि कॉलेजला इथूनच लोकलने पाठवते.